गावच्या देवळाच्या जतनासाठी प्रतिष्ठानाला प्रस्ताव कसा लिहावा

प्रश्न: आमच्या गावचं (रत्नागिरी जिल्हा) ग्रामदेवतेचं देऊळ खूप जुनं आहे. जांभ्याच्या भिंती, लाकडी सभामंडप, वर कौलं. भिंतींना ओल धरलीय, वासे कुजलेत. एका ठेकेदाराने सगळं पाडून स्लॅबचं बांधायचं ३८ लाखांचं कोटेशन दिलंय. दुसरीकडे वारसा जतनाचं काम करणाऱ्या एका प्रतिष्ठानाने प्रस्ताव मागवलेत. जीर्णोद्धारासाठी त्यांच्याकडे अर्ज करायचाय. इतिहास, अंदाजपत्रक आणि लोकसहभाग हे तीन भाग मागितलेत. नेमकं काय आणि कसं लिहावं?

उत्तर:

अर्ज लिहायला बसण्याआधी 'जीर्णोद्धार' या शब्दाचा गावात काय अर्थ घेतला जातो ते बघा. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे बहुतेक वेळा जुनं उतरवायचं, आरसीसीत नवं उभं करायचं, वर कळस चढवायचा. वारसा जतन करणाऱ्या प्रतिष्ठानाचा पैसा नेमका याच्या उलट कामासाठी असतो. जे आहे ते टिकवायचं, जे कुजलंय तेवढंच बदलायचं, आणि बदललेलं जुन्याच पद्धतीने करायचं. मी गेली वीसेक वर्षं कोकणातल्या देवळांच्या दुरुस्तीची कामं करतोय आणि असे प्रस्ताव लिहूनही देतो. माघारी आलेल्या अर्जांत निम्म्याहून जास्त वेळा गोम हीच होती: वर 'वारसा जतन' असं शीर्षक आणि आत अंदाजपत्रकात स्लॅब, ग्रॅनाइट आणि स्टीलचे कठडे. म्हणून आधी गावात बसून ठरवा. स्लॅबच हवा असेल तर वर्गणी काढा, या प्रतिष्ठानाकडे जाऊ नका. जुनं ठेवायचं ठरलं, तर पुढचं सगळं वाचा.

इतिहासाचा भाग लोकांना सर्वांत सोपा वाटतो आणि तिथेच ते घसरतात. 'पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं', 'हेमाडपंती', 'हजार वर्षांपूर्वीचं' ही वाक्यं तपासणाऱ्याने शेकडो अर्जांत वाचलेली असतात. हेमाद्री पंडित तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी होता. त्याच्या नावाने ओळखली जाणारी देवळं घडीव दगडाची, चुन्याशिवाय रचलेली असतात. तुमचं देऊळ जांभ्याचं आणि लाकडाचं आहे, त्याला हेमाडपंती म्हटलं की पुढच्या खऱ्या माहितीवरचाही विश्वास उडतो. आख्यायिका जरूर लिहा, पण 'गावात असं सांगतात' या शब्दांनी, वेगळ्या परिच्छेदात. देवीचं स्थान हजार वर्षांचं असू शकतं आणि आज उभी असलेली इमारत दीडशे वर्षांची. या दोन गोष्टी वेगळ्या करून लिहिल्या की वाचणाऱ्याला कळतं, हे लोक विचार करून बोलताहेत.

इमारतीचं वय शोधायला आधी इमारतच वाचा. छपरावरचं एक कौल उतरवून उलटं करा. मंगलोरी कौलांच्या मागच्या बाजूला बहुधा कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. मंगळूरला बासेल मिशनने ही कौलं १८६५ मध्ये बनवायला सुरुवात केली, म्हणजे तुमची कौलं मंगलोरी असतील तर देवळाचं आजचं छप्पर त्याच्या आधीचं असू शकत नाही. मात्र खालचे खांब आणि तुळया त्याहून जुन्या असू शकतात, कारण पूर्वी नळीची कौलं किंवा गवत होतं आणि छप्पर नंतर बदललं गेलं. तुळईवर रिकामी भोकं आणि खाचा दिसतात का बघा; आजच्या वाशांशी त्यांचा मेळ बसत नसेल, तर तो जुन्या छपराचा पुरावा आहे. त्याचा फोटो अर्जात हवाच.

दीपमाळेवर, उंबऱ्यावर किंवा तुळईवर शक कोरलेला असेल तर त्यात ७८ मिळवा. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९. शके १७०७ म्हणजे इसवी सन १७८५-८६. पण कोरलेला आकडा ज्या वस्तूवर आहे, त्या वस्तूचाच धरा. घंटेच्या बाबतीत तर हे फारच जपा. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत आल्या. भीमाशंकरची त्यातलीच एक. अशा घंटेवरचं साल देवळाचं साल म्हणून लिहिलेलं मी दोनदा पाहिलंय.

कागदपत्रांत सर्वांत उपयोगी पडतं ते देवस्थान इनाम. गुरवाच्या किंवा मानकऱ्यांच्या घरी मोडीतली सनद असते, नसली तर तहसील कार्यालयातल्या जुन्या नोंदींत आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात शोध घेता येतो. दिवाबत्तीसाठी अमुक जमीन, असा एक उल्लेख मिळाला तरी तो दहा पानांच्या महात्म्यापेक्षा जड आहे. मोडी वाचणारे अभ्यासक आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. लिप्यंतर करून घ्या आणि मूळ पानाचा फोटो जोडा. १८८० च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधला रत्नागिरी-सावंतवाडीचा खंडही चाळा. गावाचं नाव नुसतं आलं असेल तर तेवढंच लिहा, ओढून ताणून देऊळ त्यात घालू नका. एवढं सगळं मिळून इतिहास दोन पानांत बसतो. दोनच पानं द्या.

अंदाजपत्रकाचं खरं मूळ आकड्यांत नसतं, ते नुकसानीच्या निदानात असतं. प्रतिष्ठानाचा अभियंता प्रत्येक रकमेसमोर एकच प्रश्न विचारतो: हे कशामुळे बिघडलं, आणि तुम्ही कारण दुरुस्त करताय की डाग पुसताय? एक काम उदाहरणादाखल सांगतो. दक्षिण रत्नागिरीतलंच, तुमच्यासारखंच देऊळ. गाभारा आतून तीन बाय तीन मीटर, भिंत पाऊण मीटर जाडीची, पुढे अकरा बाय सात मीटरचा लाकडी सभामंडप. गाभाऱ्याच्या भिंतीला कमरेच्या उंचीवर फुगे आलेले, ऑइल पेंट पापडासारखा सुटलेला, खाली पांढरी भुकटी. गावाने तीन वेळा नव्याने रंग दिला होता.

बोटाच्या पेराने भिंत वाजवत गेलो. बऱ्याच ठिकाणी बद्द, पोकळ आवाज आला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला होता. जांभा सच्छिद्र असतो, जमिनीतलं पाणी तो शोषून घेतो. चुन्याच्या गिलाव्यातून ते वाफ होऊन निघून जायचं. सिमेंट आणि ऑइल पेंटने वाट बंद केली, म्हणून पाणी भिंतीत वर चढत गेलं आणि जिथे जागा मिळाली तिथे क्षार घेऊन फुटलं. पण मग एवढं पाणी येत कुठून होतं? आवारात दोन वेळा फरशी आणि पेव्हर ब्लॉक बसवले होते, एकावर एक. अंगण वीतभर वर आलं होतं आणि जोत्याची खालची पायरी त्यात बुडाली होती. पागोळीचं सगळं पाणी जोत्याशी तुंबत होतं. म्हणजे भिंतीच्या रोगाचं कारण अंगणात होतं. ते आम्ही तीन फोटो आणि एका छेदचित्राने दाखवलं, आणि दुरुस्तीच्या क्रमात अंगण पहिलं ठेवलं: जोत्याभोवतीचे ब्लॉक काढायचे, मूळ पातळी मोकळी करायची, उताराचं गटार काढायचं. खर्चात हे काम लहान होतं, पण प्रस्ताव मंजूर झाला तो या पानावर, असं त्यांच्या अभियंत्याने नंतर मला सांगितलं.

लाकडाचंही तसंच. 'सर्व लाकूडकाम बदलणे' असं लिहू नका. प्रत्येक खांबाला, तुळईला, वाशाला खडूने क्रमांक द्या आणि टोच्या घेऊन फिरा. खांबाचा तळ आणि वाशाचं भिंतीत शिरलेलं टोक इथे टोच्या सहज आत गेला तर तेवढा भाग गेला. वरचा भाग बहुधा दणदणीत असतो. आमच्याकडे ६४ वाशांपैकी १९ पूर्ण बदलावे लागले, ११ नुसते टोकाला सांधून चालले. हा तक्ता अर्जाला जोडा. यातून लाकडाचं माप घनफुटात निघतं, आणि त्यावर कोणी शंका घेऊ शकत नाही.

कौलांचा हिशोबही असाच मापातून येऊ द्या. अकरा बाय सातचा मंडप, चारी बाजूंनी पाऊण मीटर पागोळी, म्हणजे साडेबारा गुणिले साडेआठ, सुमारे १०६ चौरस मीटर. उतार तीस अंशांचा म्हणून त्याला १.१५ ने गुणलं की १२२. चौरस मीटरला मंगलोरी कौलं पंधरा-सोळा लागतात, म्हणजे एकूण १,९०० च्या आसपास. त्यातली साठ टक्के जुनी कौलं शाबूत होती. तेव्हा नवी ७५०, फूटतूट धरून ८०० मागितली. १,९०० मागितली असती तर जुनी फेकणार असा अर्थ झाला असता.

आता रकमा. समजायला सोपं जावं म्हणून गोल करून देतो. त्या तिथल्या आणि त्या वेळच्या दरांच्या आहेत, तुम्ही तुमच्या भागातली कोटेशनं घ्या. मोजणी, नकाशे आणि संवर्धन वास्तुविशारदाची देखरेख २.४० लाख. छप्पर, लाकूड आणि कौलांसकट, ७.४० लाख. भिंती, म्हणजे सुमारे ९५ चौरस मीटर सिमेंट हाताने छिन्नीने काढणं, क्षार काढणं, झिजलेले चिरे बदलणं आणि चुन्याचा गिलावा, ३.८० लाख. अंगण आणि गटार १.९० लाख. परांची आणि उघड्या छपरावर तात्पुरता मांडव १.५० लाख. विजेची जुनी वायरिंग ६० हजार. बेरीज १७.६० लाख. वर दहा टक्के अकल्पित खर्च १.७६ लाख, एकूण १९.३६ लाख, करांसकट. अकल्पित खर्चाची ओळ लाजून गाळू नका. जुन्या भिंतीचा गिलावा काढल्याशिवाय आत काय आहे ते देवालाच ठाऊक असतं, आणि तपासणाऱ्यालाही हे माहीत असतं. एकरकमी 'इतर खर्च' मात्र कुठेच नको; प्रत्येक ओळीसमोर माप, दर आणि फोटोचा क्रमांक.

चुन्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पैसे आल्यावर सर्वांत जास्त फसवणूक इथे होते. चुनकळी खड्ड्यात विझवून किमान महिनाभर पाण्याखाली मुरवावी लागते. गिलावा पातळ थरांनी चढतो आणि प्रत्येक थर गोणपाटाने ओला ठेवावा लागतो. हे सगळं वेळखाऊ, म्हणून गवंडी हळूच त्यात सिमेंट मिसळतो. ओळखायचं कसं? तिसऱ्या दिवशी नखाने ओरखडा काढा. खऱ्या चुन्यावर ओरखडा उठतो, सिमेंट मिसळलेला गिलावा तोवर दगड झालेला असतो. त्यामुळे प्रस्तावात 'नमुना भिंत' नावाची ओळ घाला: आधी एक चौरस मीटर गिलावा करून दाखवायचा, तो वास्तुविशारदाने पास केल्यावरच पुढचं काम.

वेळापत्रक हा भाग त्यांनी मागितलेला नसला तरी द्या. कोकणात काम नोव्हेंबर ते मे एवढंच चालतं. सिमेंट काढल्यावर भिंतीला सुकायला पूर्ण उन्हाळा द्यावा लागतो, लगेच गिलावा केला तर तोही फुगतो. म्हणजे काम दोन हंगामांचं: पहिल्या वर्षी अंगण, छप्पर आणि सिमेंट काढणं, दुसऱ्या वर्षी चुना. शिमग्याला पालखी निघते तेव्हा देवळात परांची चालणार नाही, तेही दिवस आधीच वगळा. पहिला हप्ता दिवाळीपूर्वी हातात पडायला हवा, नाहीतर लाकूड घेईपर्यंत जानेवारी उजाडतो. प्रतिष्ठानांचं आर्थिक वर्ष मार्चला संपतं आणि ते तेव्हा खर्चाचा दाखला मागतात. तुमचं काम मात्र तेव्हा ऐन भरात असतं. हा पेच अर्जातच मांडून हप्त्यांच्या तारखा मागून घ्या.

गाभाऱ्याला हात लावण्यापूर्वी देवीला कौल लावणं, कलाकर्षण करून देवत्व कलशात घेणं आणि काम संपल्यावर पुन्हा प्रतिष्ठा करणं, हे गावाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे. वेळापत्रकात त्या विधींचे दिवस दाखवा, पण खर्च प्रतिष्ठानाच्या अंदाजपत्रकात घालू नका. तो गावाने वेगळा करावा आणि तसं एका वाक्यात लिहावं. धार्मिक विधीचा पैसा आणि इमारतीचा पैसा वेगळा ठेवणारं गाव त्यांना विश्वासाचं वाटतं.

लोकसहभागाच्या सदरात 'समस्त ग्रामस्थांचा उत्स्फूर्त पाठिंबा' हे वाक्य लिहून काहीच साधत नाही. तिथे तीन गोष्टी हव्यात: कोणी ठरवलं, कोण काय देणार, आणि नंतर कोण सांभाळणार.

ठरावाचं सांगतो. देवस्थान न्यासाचा ठराव आणि ग्रामसभेचा ठराव असे दोन्ही घ्या, आणि त्यांत 'जांभ्याच्या मूळ भिंती व लाकडी सभामंडप पाडणार नाही, आरसीसी बांधकाम करणार नाही' हे शब्द स्पष्ट असू द्या. बारा-पाच मानकरी, गुरव आणि प्रत्येक वाडीचा माणूस यांच्या सह्या असाव्यात. एखादी वाडी मानापमानावरून बाहेर असेल तर आधी ते मिटवा. काम अर्ध्यावर असताना कोणी धर्मादाय कार्यालयात तक्रार केली की पुढचा हप्ता थांबतो. बैठकीला बायकाही होत्या का, हे प्रतिष्ठान विचारतं. आणि खरोखर विचारण्यासारखंच आहे, कारण रोजचं सारवण-झाडणं त्याच करतात आणि पाणी कुठून आत येतं हे त्यांनाच आधी माहीत असतं. त्या अंगणाच्या तुंबणाऱ्या पाण्याचंही मला पहिल्यांदा एका आजीनेच दाखवलं होतं.

गावाचा वाटा त्या कामात एक चतुर्थांश, ४.८४ लाख होता. तीन लाख रोख, त्यातले बरेचसे मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने चाकरमान्यांकडून जमवले. बांबू आणि टेम्पो ३४ हजारांचे. उरलेले दीड लाख म्हणजे श्रमदान: ३०० माणूस-दिवस, दिवसाला ५०० रुपये धरून. त्यासाठी हजेरीवही ठेवली, रोज सही. श्रमदानात कौलं उतरवणं, माती काढणं, गटार खणणं एवढंच दाखवा. चुना आणि सुतारकाम कुशल कारागिराचंच. काही प्रतिष्ठानं श्रमदान वाट्यात धरत नाहीत, तेव्हा अर्जाआधी फोन करून विचारा. मागणी मग १४.५२ लाखांची झाली. तुमच्या ठेकेदाराच्या ३८ लाखांशेजारी असा आकडा ग्रामसभेत ठेवून बघा. स्लॅबवाल्यांचं मन वळवायला माझ्या अनुभवात याहून उपयोगी काही सापडलेलं नाही.

सांभाळण्याचं पान शेवटी जोडा. दर वर्षी मे महिन्यात शाकारणी, म्हणजे फुटकी कौलं बदलून सगळी नीट बसवणं. गटार साफ करणं. वाळवीची वाट तपासणं. त्याचा वर्षाचा खर्च, तो कोण देणार, आणि गावातले कोणते दोन तरुण या कामात गवंडी-सुताराच्या हाताखाली शिकून तयार होणार, हे लिहा.

कागदपत्रांचं थोडक्यात. देऊळ केंद्र किंवा राज्य शासनाचं संरक्षित स्मारक आहे का, किंवा अशा स्मारकाच्या जवळ आहे का ते आधी बघा. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत आणि त्यापुढच्या २०० मीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय दुरुस्तीही करता येत नाही. सातबारा कोणाच्या नावावर आहे ते तपासा. प्रतिष्ठान कंपनीच्या सीएसआर निधीतून देणार असेल तर ऐतिहासिक वास्तूंचं जतन त्यांच्या यादीत बसतं, पण थेट पैसे घ्यायला न्यासाला आयकराच्या बारा-ए, ऐंशी-जी आणि कंपनी खात्याची सीएसआर-१ या नोंदण्या लागतात. निव्वळ धार्मिक न्यासाला ऐंशी-जी मिळणं अवघड असतं. तेव्हा प्रतिष्ठानाने पैसे थेट कारागिरांना आणि वास्तुविशारदाला द्यावेत, असा करार सुचवा.

आणि विश्वस्तांची नावं. माझा एक चांगला प्रस्ताव सात महिने पडून राहिला, कारण धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतले दोन विश्वस्त वारलेले होते, नव्यांचा बदल अर्ज दाखल होता पण मंजूर नव्हता. सह्या करणारे कागदावर विश्वस्तच नव्हते. हंगाम गेला, पावसाळ्यात मंडपाचा एक कोपरा खाली आला. त्या कोपऱ्यातला खांब कोरीव होता. म्हणून न्यासाच्या त्या नोंदीचा, म्हणजे परिशिष्ट एकचा, ताजा उतारा आजच काढा.

अर्ज पहिल्या चाळणीतून गेला की स्थळभेट होते. त्या दिवशी सत्कार, हारतुरे नकोत. उंच शिडी, बॅटरी, टोच्या आणि खडूने क्रमांक टाकलेले वासे तयार ठेवा, आणि गुरवाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की सोवळ्याचे नियम सांभाळून गाभाऱ्याच्या मागची भिंत आतून दाखवावी लागेल. ती भिंत न दिसल्यामुळे परत गेलेली मंडळी पुन्हा यायला वर्ष लावतात.